मुरूम, डाग आणि कोरडेपणा एकाच चेहऱ्यावर असतील तर सुरुवात कुठून करायची?

प्रश्न: माझं वय 28, पुण्यात राहते, दिवसभर एसी ऑफिसमध्ये असते. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने दर आठवड्याला चार-पाच पिंपल्स येतात आणि गेल्यावर तपकिरी डाग ठेवून जातात. त्यातच त्वचा इतकी कोरडी झालीय की तोंडाच्या कडेला सालपटं निघतात आणि काहीही लावलं तरी चुरचुरतं. दोन्ही वेळा सॅलिसिलिक फेसवॉश, सकाळी 15% व्हिटॅमिन सी आणि 10% नायसिनामाइड, रात्री एक दिवसाआड ग्लायकॉलिक टोनर, आणि जिथे पिंपल असेल तिथे अडापलीन जेल. बाहेर पडायचं असेल तेव्हा सनस्क्रीन. मला सगळ्यात जास्त त्रास डागांचा होतो. आधी नक्की कशावर काम करू?

उत्तर:

आधी कोरडेपणा, पण त्याला फक्त दोन-तीन आठवडे द्यायचे. मग मुरूम, आणि त्यांना किमान तीन महिने. डागांसाठी वेगळं औषध सगळ्यात शेवटी. सनस्क्रीन मात्र या रांगेत उभं राहत नाही, ते उद्या सकाळपासून रोज. डागांवरचा खरा पहिला उपचार तोच आहे, म्हणजे तुम्हाला ज्याचा सगळ्यात जास्त त्रास आहे त्याचं काम पहिल्या दिवसापासूनच सुरू होतं.

हा क्रम ठरवताना कोणती तक्रार जास्त डोळ्यांत खुपते हे बाजूला ठेवायचं आणि कोणती तक्रार दुसरीला जन्म देते ते पाहायचं. तुमचे डाग मुरमांतून येतात. त्वचेला सूज आली की रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी चवताळतात आणि आजूबाजूच्या पेशींना नेहमीपेक्षा जास्त मेलॅनिन पुरवतात. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत हे फार सहज घडतं. पण ही सूज फक्त मुरमाचीच असते असं नाही. तिखट उत्पादनांनी त्वचा चिडली, चुरचुरली, सोलली, तरी त्या पेशींना तोच इशारा मिळतो. म्हणजे चिडलेल्या त्वचेवर डाग घालवायला लावलेलं ग्लायकॉलिक किंवा व्हिटॅमिन सी स्वतःच नवा काळेपणा तयार करू शकतं. तोंडाच्या कडेला सालपटं निघतात तिथली त्वचा आधीपेक्षा काळपट दिसू लागली असेल, तर नेमकं हेच चालू आहे.

आणि मुरूम आधी का नाहीत? कारण मुरमांवरची चांगली औषधं सुरुवातीला त्वचा कोरडी करतातच. आधीच सोललेल्या त्वचेवर ती सुरू केली की आठवडाभरात आग होते, औषध बंद पडतं, आणि "मला अडापलीन सोसत नाही" असा समज पक्का होतो. बहुतेक वेळा औषध सोसत असतं, चुकलेली असते ती वेळ.

आधी एक खात्री करून घ्या: हा कोरडेपणा तुमचा आहे की उत्पादनांचा

मुरमं सुरू होण्याआधी, शाळा-कॉलेजच्या वयात, हिवाळ्यात हातपाय भेगाळायचे का? लहानपणी इसब, दमा किंवा सतत शिंका असा इतिहास आहे का? तसं असेल तर त्वचा मुळातच कोरड्या घडणीची आहे आणि पुढच्या योजनेत औषधाची मात्रा कायम हलकी ठेवावी लागेल. तसं काही नसेल आणि कोरडेपणा ही बाटल्यांची रांग सुरू झाल्यावर आला असेल, तर तो बनवलेला आहे. तुमची यादी वाचून दुसरी शक्यता मोठी वाटते. दिवसातून दोनदा सॅलिसिलिक फेसवॉश, त्यावर आम्लधर्मी व्हिटॅमिन सी, रात्री ग्लायकॉलिक, वर अडापलीन. यातलं एक-एक सुटं पाहिलं तर बरं आहे, पण चोवीस तासांत चेहऱ्याला सावरायला वेळच मिळत नाही. कोरडा एसी आणि टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी त्यात भर घालतं, कारण जड पाण्यात साबणाचा थर नीट निघून जात नाही.

एक नकली कोरडेपणाही ओळखून ठेवा. सालपटं नाकाच्या बाजूच्या घडीत, भुवयांत आणि कपाळाच्या केसांच्या रेषेवर असतील, पिवळसर-तेलकट दिसत असतील आणि डोक्यात कोंडाही असेल, तर तो सेबोऱ्हिक डर्मटायटिस असण्याची शक्यता जास्त. त्याला मॉइश्चरायझर पुरत नाही, बुरशीविरोधी क्रीम किंवा शॅम्पू लागतो. त्यावर खोबरेल तेल चोळलं तर तो वाढतो. तसंच, तोंडाभोवती बारीक लाल पुळ्या आणि आग असेल, पण ओठांलगतची बारीक कड मोकळी सुटलेली असेल, तर तो तोंडाभोवतीचा वेगळा त्वचादाह असू शकतो. तो बहुधा स्टेरॉइड क्रीममुळे चाळवतो. या दोन्हींत खालची योजना लागू पडत नाही, आधी डॉक्टरांना दाखवा.

पहिले दोन-तीन आठवडे: काढून टाकण्याचे

व्हिटॅमिन सी, नायसिनामाइड, ग्लायकॉलिक आणि अडापलीन चारही एकदम बंद. एक-एक करून कमी करत बसू नका. कोण चावतंय हे शोधण्यात महिना जातो आणि चेहरा तोवर तसाच राहतो. सॅलिसिलिक फेसवॉशही बाजूला ठेवा.

सकाळी नुसत्या साध्या पाण्याने चेहरा धुवा. रात्री सनस्क्रीन आणि धूळ काढण्यासाठी फेस न होणारा किंवा अगदी कमी होणारा क्लिन्झर वापरा. नेहमीचा अंघोळीचा साबण चेहऱ्याला लावू नका. त्याचा पीएच 9 ते 10 असतो आणि निरोगी त्वचेचा 5 च्या आसपास, त्यामुळे प्रत्येक धुण्यानंतर त्वचेला मूळ जागी यायला वेळ लागतो. क्लिन्झर अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त चोळू नका, पाणी कोमट घ्या, टॉवेलने पुसताना दाबून टिपा.

चेहरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढं क्रीम, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, एका वेळी. तुम्हाला मुरमं आहेत म्हणून पाण्यासारखं पातळ जेल निवडू नका, सध्या ते पुरणार नाही. घटकांत ग्लिसरीन आणि सेरामाइड असलेलं, बिनवासाचं क्रीम पाहा. तोंडाच्या कडेला आणि नाकपुड्यांजवळ रात्री त्यावर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवा. पेट्रोलियम जेलीने रोमछिद्रं बुजतात ही भीती पुष्कळ जणींना असते. ती छिद्रांत शिरत नाही, वरून पाणी उडणं थांबवते. खोबरेल तेलाचा मात्र चेहऱ्यावर प्रयोग नको, मुरमं येणाऱ्या त्वचेत ते खरंच त्रास देतं.

याच काळात लिंबू, बेसन, मुलतानी माती, स्क्रब, ब्लीच, फेशियल हे सगळं थांबवा. हळद-बेसनाचा लेप वर्षानुवर्षं कुणाच्या घरात चालत असेल, पण बेसन खरखरीत असतं आणि सोललेल्या त्वचेला ते घासणं नको.

या आठवड्यांत मुरमं येतच राहतील, कदाचित एखाद-दुसरं जास्तही येईल. ते सोसायचं आहे. अगदी पिकलेला पुवाळलेला मुरूम असेल तर त्यावर हायड्रोकोलॉइडची चिकटपट्टी रात्रभर लावा. तिचा मोठा फायदा म्हणजे बोट तिथे जात नाही. फोडलेल्या मुरमाचा डाग न फोडलेल्यापेक्षा जवळपास नेहमीच गडद आणि जास्त काळ राहणारा असतो. आत इजा खोलवर गेली की रंगद्रव्य वरच्या थरातून खालच्या थरात सांडतं आणि तिथल्या रंगद्रव्यापर्यंत कोणतंही क्रीम नीट पोहोचत नाही.

पुढे कधी जायचं, याची परीक्षा सोपी आहे. रात्री चेहरा धुवा आणि काहीही न लावता 20 मिनिटं बसा. ओढ लागल्यासारखं झालं नाही, त्यानंतर साधं मॉइश्चरायझर लावल्यावर चुरचुरलं नाही, आणि सलग तीन-चार दिवस सालपटं दिसली नाहीत, की पहिला टप्पा संपला. बहुतेकांना दोन आठवडे लागतात, काहींना चार. चार आठवड्यांतही चुरचुर थांबली नाही तर ती साधी कोरडी त्वचा नाही. एखाद्या घटकाची ॲलर्जी किंवा वर सांगितलेले आजार तपासून घ्यावे लागतील.

सनस्क्रीन, पहिल्या दिवसापासून

"बाहेर पडायचं असेल तेव्हा" ही सवय बदलावी लागेल. खिडकीच्या काचेतून यूव्हीए किरण आत येतात, आणि गव्हाळ-सावळ्या त्वचेत डाग गडद करणारा आणखी एक घटक म्हणजे डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाश. त्याला नेहमीचं सनस्क्रीन फारसं अडवत नाही. आयर्न ऑक्साइड घातलेलं रंगीत, म्हणजे टिंटेड सनस्क्रीन अडवतं. डाग ही मुख्य तक्रार असेल तर एसपीएफ 50 की 30 या वादापेक्षा टिंटेड आहे की नाही याने जास्त फरक पडतो. एसपीएफ 30 च्या वरचं कोणतंही चालेल, यूव्हीएपासूनचं संरक्षण सांगणारं पीए मात्र तीन किंवा चार अधिक चिन्हांचं घ्या.

मात्रा म्हणजे तर्जनी आणि मधल्या बोटाच्या पूर्ण लांबीवर काढलेल्या दोन रेघा, चेहरा आणि गळ्यासाठी. हे साधारण एक ग्रॅम होतं. त्यामुळे तुम्ही पुरेसं लावता का, हे ट्यूबवरूनच कळतं. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा लावलं तर 50 ग्रॅमची ट्यूब महिन्याभरात संपायला हवी. ती तीन-चार महिने पुरत असेल तर पाकिटावर लिहिलेलं संरक्षण तुम्हाला मिळत नाहीये. पहिल्या टप्प्यात सनस्क्रीन डोळ्यांत किंवा गालावर झोंबलं तर झिंक ऑक्साइडचं घ्या, ते चिडलेल्या त्वचेला सहसा सोसतं.

दुसरा टप्पा: मुरूम, चौथ्या आठवड्यापासून

आता अडापलीन परत आणायचं, पण तुम्ही लावत होता तसं नाही. आलेल्या मुरमावर ठिपका म्हणून अडापलीन लावणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. आज दिसणारा मुरूम कित्येक आठवड्यांपूर्वी त्वचेखाली एक सूक्ष्म गाठ म्हणून सुरू झालेला असतो. अडापलीन त्या सूक्ष्म गाठी बनू देत नाही, दिसू लागलेल्या मुरमावर त्याचा उपयोग फारसा नाही. म्हणून ते मुरमं येणाऱ्या पूर्ण भागावर, तुमच्या बाबतीत गालांचा खालचा भाग, जबडा आणि हनुवटी, पातळ थरात लावायचं. म्हणूनच त्याचा परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात.

0.1% जेल, वाटाण्याएवढं, संपूर्ण चेहऱ्याला मिळून. पाच ठिकाणी ठिपके देऊन पसरवा. रात्री चेहरा धुतल्यावर पूर्ण कोरडा होऊ द्या, ओल्या त्वचेत औषध जास्त आत जातं आणि जास्त जाळतं. आधी मॉइश्चरायझरचा थर, दहा मिनिटांनी अडापलीन, मग वरून पुन्हा मॉइश्चरायझर. मुरमं जबड्यावर असली तरी ओठांच्या कडा, नाकपुड्यांच्या घड्या आणि डोळ्यांखालचा भाग आधी पेट्रोलियम जेलीने झाकून टाका. सालपटं तिथूनच सुरू होतात.

पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोन रात्री. पुढचे दोन आठवडे तीन रात्री. मग एक दिवसाआड. त्यावर दोन आठवडे शांत गेले तरच रोज. तुमच्यासारख्या त्वचेत एक दिवसाआडवर कायम थांबलं तरी काम होतं. रोज लावून महिन्यातून दहा दिवस बंद ठेवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास बहुतेक जणी घाबरतात, कारण तेव्हा सालपटं परत येतात आणि मुरमंही वाढल्यासारखी वाटतात. इथे दोन गोष्टी वेगळ्या करा. नवी मुरमं तुमच्या नेहमीच्याच जागी, जबड्यावर आणि हनुवटीवर येत असतील, लहान असतील आणि लवकर बसत असतील, तर आधीच बनलेल्या गाठी वर येत आहेत, पुढे चला. पण जिथे कधीच मुरूम येत नव्हता अशा जागी बारीक लाल पुळ्या आल्या, आग होते, घाम लागला तरी झोंबतं, तर तो त्रास आहे. चार-पाच रात्री औषध थांबवा, पहिल्या टप्प्यातलं साधं रूटीन चालवा आणि मग एक पायरी खालून सुरू करा, म्हणजे तीन रात्रींवर असाल तर दोनवर. दोन्ही वेळा ट्यूब फेकून देऊन नवीन सीरम विकत घेणं हाच चुकीचा रस्ता.

अडापलीन दोन-तीन आठवडे शांतपणे चालतंय असं दिसलं की सकाळसाठी ॲझेलेइक ॲसिड आणा. तुमच्या तिन्ही तक्रारी जुळवणारा एकच घटक निवडायचा तर मी हाच निवडेन. ते मुरमांच्या जंतूंवर आणि सुजेवर काम करतं, आणि त्याच वेळी जास्त चवताळलेल्या रंगपेशींमधलं मेलॅनिन बनवणारं एन्झाइम रोखतं. आजूबाजूच्या निरोगी त्वचेचा रंग ते उतरवत नाही. आपल्याकडे 10% जेल आणि 20% क्रीम दोन्ही मिळतात. तुम्ही 10% ने सुरू करा, आधी एक दिवसाआड सकाळी, मग रोज. क्रम असा: ॲझेलेइक, त्यावर मॉइश्चरायझर, त्यावर सनस्क्रीन. पहिला आठवडा-दोन आठवडे लावल्यावर काही मिनिटं खाज किंवा मुंग्या येतात, ते सहसा जातं. खाज अर्ध्या तासापेक्षा जास्त राहिली तर आधी मॉइश्चरायझर आणि वर ॲझेलेइक असं उलटं करा.

कोरडेपणा मुळातलाच असेल, म्हणजे लहानपणापासूनचा इसबी, तर क्रम थोडा बदलतो. तिथे ॲझेलेइक आधी आणि एकटं, सहा-आठ आठवडे. अडापलीन नंतर, आठवड्यातून दोनच रात्री. फायदा हळू दिसेल, पण औषध चालू राहील. गरोदरपण ठरवत असाल किंवा राहिलेलं असेल तर अडापलीन लावायचंच नाही, ॲझेलेइक त्या काळात चालतं. तरीही डॉक्टरांना सांगूनच.

मुरूम कमी होतायत की नाही हे डागांवरून ठरवू नका. डाग महिनोनमहिने मागे राहतात, त्यामुळे औषध उत्तम चालत असतानाही आरसा निराश करतो. दर रविवारी फक्त त्या आठवड्यात आलेली नवी मुरमं मोजा आणि आकडा लिहून ठेवा. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीजवळ, त्याच वेळी, तीन बाजूंनी फोटो काढा. आठवड्याचे चार-पाच असलेले तुमचे मुरूम बाराव्या आठवड्यापर्यंत एक-दोनवर आले तर योजना बरोबर चालली आहे. आकडा तसाच राहिला, तर आणखी क्रीम घालू नका, डॉक्टरांकडे जा.

तुमच्या बाबतीत ही शक्यता आधीच लक्षात ठेवा, कारण 28 व्या वर्षी फक्त जबडा आणि हनुवटीवर येणारी मुरमं पुष्कळदा संप्रेरकांशी जोडलेली असतात. पाळी अनियमित असेल, पाळीच्या आधीच्या आठवड्यात मुरमं भडकत असतील, हनुवटीवर जाड केस येत असतील, टाळूवरचे केस विरळ होत असतील तर पीसीओएसची तपासणी करून घ्या. अशा मुरमांवर पोटात घेण्याचं औषध जास्त उपयोगी पडतं. कोरड्या त्वचेच्या दृष्टीने त्याचा आणखी एक लाभ आहे: संप्रेरकांवरची गोळी त्वचेच्या पृष्ठभागाला न सोलता काम करते, त्यामुळे मुरूम आणि कोरडेपणा यांची रस्सीखेच बऱ्याच अंशी मिटते.

दोन-तीन आठवडे थांबू नये असे मुरूम

एक प्रकार असा आहे की त्यात कोरडेपणा आधी हा नियम मोडायचा. त्वचेखाली दुखणाऱ्या, वाटाण्याहून मोठ्या, आठवडे टिकणाऱ्या गाठी असतील किंवा बरं झालेल्या जागी खड्डे पडू लागले असतील, तर त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना गाठा. डाग पुढे पुसले जातात, खड्डा पुसला जात नाही. त्वचा सावरण्याचं काम तेव्हाही चालूच ठेवायचं, पण मुरमांचं औषध बहुधा तोंडावाटे, आणि दोन्ही एकाच वेळी.

तिसरा टप्पा: डाग, चौथ्या महिन्यानंतर

नवे मुरूम आठवड्याला एकच्या आसपास आले, आणि ते सलग चार आठवडे तसेच राहिले, की डागांकडे वळा. त्याआधी डागांवर खर्च करणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. या टप्प्यापर्यंत सनस्क्रीन आणि ॲझेलेइकने बरेच डाग फिके झालेले असतील, आणि पुष्कळ जणींना पुढे काही लागतच नाही.

उरलेल्या डागांचा रंग उजेडात नीट पाहा. फिका ते गडद तपकिरी असेल तर रंगद्रव्य वरच्या थरात आहे. ते त्वचा नवी होत जाते तसं उतरतं, आणि साधारण तीन ते बारा महिन्यांत जातं. राखाडी किंवा निळसर छटा असेल तर ते खाली उतरलेलं आहे, क्रीमने फार फरक पडत नाही आणि वर्षंही लागू शकतात. अशा डागावर क्रीमची ताकद वाढवत नेणं हे हमखास नवा काळेपणा आणतं. आणि सपाट लालसर-जांभळट खूण असेल तर ती रंगद्रव्याची नाही, फुगलेल्या रक्तवाहिन्यांची आहे, तिला डाग घालवणारं सीरम लागूच पडत नाही.

तपकिरी डागांसाठी आता एकच गोष्ट परत आणा, दोन आठवड्यांनी दुसरी. आधी ॲझेलेइक 10% वरून 20% करा. ते सोसलं आणि हवं असेल तर नायसिनामाइड, पण 10% नको, 4 ते 5% पुरतं. जास्त टक्क्यांनी फायदा त्या प्रमाणात वाढत नाही, चुरचुर मात्र वाढते. व्हिटॅमिन सी आवडत असेल तर सर्वांत शेवटी आणा. 15% शुद्ध एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड काम करण्यासाठी पीएच 3.5 च्या खाली ठेवावं लागतं, आणि कोरड्या त्वचेला ते म्हणूनच झोंबतं. बाटलीतला द्रव गडद नारिंगी-तपकिरी झाला असेल तर टाकून द्या. ग्लायकॉलिक टोनर तुमच्या रूटीनमध्ये मी परत आणणार नाही. अडापलीन चालू असताना त्याच कामासाठी दुसरं सोलणारं औषध लागत नाही.

हायड्रोक्विनोन हे डागांवरचं जुनं आणि प्रभावी औषध आहे, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक डागांवर आणि साधारण तीन-चार महिन्यांच्या मर्यादेतच. वर्षानुवर्षं लावत राहिलं तर उलट निळसर-काळा, कायमचा रंग चढू शकतो. औषधाच्या दुकानात "गोरेपणाची" किंवा "डागांची" म्हणून जी क्रीम हातात ठेवली जाते, तिच्यात बहुतेक वेळा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड एकत्र असतं. पहिल्या आठवड्यांत चेहरा उजळतो, मुरूमही बसतात आणि म्हणूनच ती बंद करवत नाही. पुढे त्वचा पातळ होते, शिरा दिसू लागतात, केस वाढतात, आणि थांबवलं की लाल पुरळ उसळतो. ट्यूबवरच्या घटकांत मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी काहीही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. अशी क्रीम सध्या लावत असाल तर वरचा पहिला टप्पाही आपला आपण सुरू करू नका. ती कशी उतरवायची हे त्वचारोगतज्ज्ञ ठरवतील.

दोन्ही गालांवर, कपाळावर किंवा वरच्या ओठावर सारखे, नकाशासारखे पसरलेले काळपट पट्टे असतील, मुरूम जिथे आले नव्हते तिथेही, तर ते मुरमांचे डाग नाहीत, वांग आहे. वांग मुरमांतून येत नाही, म्हणून मुरूम थांबल्याने ते थांबतही नाही. त्याचा उपचार वेगळा आणि लांबचा. पण पहिले दोन टप्पे त्यातही तसेच ठेवायचे, कारण चिडलेल्या त्वचेत वांगही गडद होतं.

मुरूम थांबल्यावर अडापलीन सोडून द्यावंसं वाटतं. निदान सहा महिने ते वर्षभर आठवड्यातून दोन-तीन रात्री चालू ठेवा, कारण त्या सूक्ष्म गाठी बनण्याची प्रवृत्ती तशीच असते. हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत, पुण्यातली हवा कोरडी पडली की एक रात्र कमी करा आणि क्रीम जाड घ्या. मुंबईत किंवा कोकणात राहायला गेलात तर तेच क्रीम जड वाटेल, तेव्हा पातळ घ्या. वरच्या ओठावर किंवा हनुवटीवर वॅक्सिंग करायचं असेल तर त्याआधी पाच-सात रात्री अडापलीन बंद ठेवा, नाहीतर केसांबरोबर त्वचेचा थर निघतो आणि तिथे आठवडाभरात काळा पट्टा उमटतो. थ्रेडिंग त्या मानाने बरं. आणि डॉक्टरांकडे जाताना नुसती नावं सांगू नका, सध्या लावत असलेल्या सगळ्या ट्यूब आणि बाटल्या पिशवीत घालून न्या, नाव नसलेली डबी असेल तर तीसुद्धा.